जर्नलप्रमाणे मल्टिप्लेक्सर

जळगावच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली डिजिटल लॅब ही माणसाने बांधलेली सर्वांत घाणेरडी खोली होती, आणि हे मी सांगतोय, ज्याने धुळ्याच्या एसटी स्टँडावरची मुतारी भर उन्हाळ्यात वापरली आहे. मुतारीत निदान पाणी मारायचा एक माणूस होता. लॅबमध्ये तोही नव्हता. छताचा पंखा सातपुडा उगवला तेव्हा एकदा फिरला असावा, मग त्याने तो नाद सोडला. टेबलांवरच्या सनमायक्यावर चहाचे गोल डाग इतके घट्ट बसले होते, की नवी मुलं ते डिझाइन समजायची. सोल्डरचा, घामाचा आणि डब्यातल्या कालच्या ठेच्याचा मिळून एक वास होता. तो शर्टात बसला की धुतल्यावरही घरची माणसं विचारायची, ‘‘आज लॅब होती का रे?’’

या खोलीचे मालक म्हणजे आमचे सर. कागदोपत्री मालक कॉलेज होतं, पण आयसीच्या, म्हणजे सर्किटच्या चिपांच्या, कपाटाची किल्ली सरांच्या जानव्याला होती. ही अतिशयोक्ती नाही. पाठ खाजवताना किल्ली वाजायची. वर्षभर कपाट बंद. आयसी खराब होतील म्हणून प्रॅक्टिकलला आयसी द्यायची नाही, असं सरांचं धोरण. मग प्रॅक्टिकल कसं व्हायचं? जर्नलमध्ये व्हायचं. मागच्या वर्षीच्या पोरांचं जर्नल आणायचं, आकृती उतरवायची, निरीक्षणांचा तक्ता उतरवायचा, ‘निष्कर्ष : सत्यता तक्ता पडताळून पाहिला’ असं निळ्या शाईत लिहायचं, की सर लाल शाईत सही करायचे. मागच्या वर्षीच्यांनी त्याच्या मागच्यांचं उतरवलेलं. मूळ जर्नल कोणी लिहिलं हे कोणालाच माहीत नव्हतं. माझा अंदाज, ते कुठल्यातरी गुहेत सापडलं असावं.

मला या सगळ्याची शिसारी होती, पण शिसारीने पोट भरत नाही. आदल्या सत्रात मी याच विषयाच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झालो होतो. पुन्हा आपटलो असतो तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं तर धरणगावचा मामा मला उचलून आपल्या कापडदुकानात बसवणार, हे ठरून गेलं होतं. दुकानात माझ्यासाठी गादीसुद्धा भरून ठेवली होती. मी त्या गादीवर एकदा बसून पाहिलं होतं. समोर मांजरपाटाचे तागे, वर ट्यूबलाइट, आणि गिऱ्हाईक म्हणतंय, ‘‘याच्यातच दुसरा रंग दाखवा.’’ त्या दिवशी मी धुळ्याला घरी परत येऊन दोन विषयांची पुस्तकं अक्षरशः खाल्ली.

त्यातलं एक प्रकरण मला फार आवडलं, आणि ते आवडावं असंच आहे. मल्टिप्लेक्सर. वाचकाने घाबरू नये. आठ नळ येऊन एका तोटीला मिळाले आहेत असं समजा. तीन बटणं आहेत. तीन बटणांच्या चालू-बंदच्या आठ तऱ्हा होतात, आणि प्रत्येक तऱ्हेला एकच नळ तोटीला जोडला जातो. बाकीचे सात गप्प. झालं, एवढीच ती आयसी. सोळा पायांची, झुरळाएवढी, आणि आमच्या लॅबमधल्या झुरळांपेक्षा बरीच लहान.

पण हिची करामत अशी : समजा तुम्हाला हवंय की अमुक तीन बटणं दाबली तर दिवा लागावा, तमुक दाबली तर लागू नये. नेहमीचा माणूस त्यासाठी अँड गेट, ऑर गेट, नॉट गेट यांचं जंगल उभं करतो. मल्टिप्लेक्सरवाला काय करतो? आठही नळांच्या मागच्या तोंडाला थेट उत्तरच बांधून ठेवतो. इथे एक, तिथे शून्य. बटणांनी पत्ता सांगायचा, आयसी त्या पत्त्यावरचं उत्तर वाचून दाखवणार. विचार नाही, गणित नाही. म्हणजे कोणतंही तीन बटणांचं कोडं असो, आयसी तीच. फक्त मागे बांधायचे शून्य-एक बदलायचे.

आणि चौथं बटण आलं तरी हीच आयसी पुरते! चार बटणांच्या ओळी सोळा, शून्य ते पंधरा, आणि नळ आठ. म्हणजे एका नळावर दोन ओळी. त्या दोन ओळींत फरक फक्त चौथ्या बटणाचा, त्याला डी म्हणू. दोन्ही ओळींचं उत्तर शून्य असेल तर नळाला शून्य, दोन्हींचं एक असेल तर एक. उत्तर डीबरोबर चालत असेल तर नळाला डीचीच तार जोडायची, आणि डीच्या उलट चालत असेल तर इन्व्हर्टरमधून उलटा करून डी जोडायचा. पाचवी शक्यताच नाही. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी आमच्या धुळ्याच्या गल्लीत एका म्हशीला समजावून सांगितलं होतं, आणि तिला समजलं होतं.

परीक्षेचा दिवस उजाडला तो मे महिन्यातला. जळगावचं ऊन म्हणजे काय सांगू, कॉलेजच्या आवारात पाल सावली बदलायला निघाली की मध्येच भाजून निघायची. परीक्षा घेणारे एक्सटर्नल सर बाहेरगावाहून आले होते. जाड, शांत, घामाघूम माणूस. आल्याआल्या त्यांना केबिनमध्ये बसवलं, कूलर सुरू झाला, आंब्याचा रस आला, वर शेव, वर केळी, आणि त्यांच्यासमोर आमच्या सगळ्यांच्या जर्नलांचा ढिगारा ठेवला गेला. परीक्षा सुरू होण्याआधीच एक्सटर्नलने प्रत्येक जर्नलवर सही करून टाकायची, अशी आमच्याकडची रीत. मी दाराशी उभा राहून पाहत होतो. एका हातात रसाची वाटी, दुसऱ्या हातात पेन. पान उलटायचं काम आमचे सर करत होते, म्हणजे बोटांना रस लागला तरी जर्नल खराब होऊ नये. एकही आकृती कोणी पाहिली नाही. मला मळमळलं. रसामुळे नव्हे, मला रस कोणी दिला नव्हता.

मग प्रयोग वाटायच्या चिठ्ठ्या. सरांची वर्षानुवर्षांची पद्धत अशी, की मल्टिप्लेक्सरच्या प्रयोगाला ‘फुल ॲडर’च द्यायचा : तीन बिटांची बेरीज. जर्नलमध्येही तोच, परीक्षेतही तोच. पण या एक्सटर्नलना रसानंतर हुशारी चढली. ते म्हणाले, ‘‘फुल ॲडर काय, सगळेच देतात. मी एक चार व्हेरिएबलचं फंक्शन देतो. एकच सगळ्यांना. बघू तरी मुलांना काय येतं.’’

सरांचा चेहरा एकदम पडला. पण पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. फळ्यावर चार बटणांचं फंक्शन आलं : एक, चार, सहा, सात, आठ, तेरा, चौदा, पंधरा या ओळींना दिवा लागावा, बाकी ओळींना लागू नये.

कपाट उघडलं. त्या वर्षी पहिल्यांदाच. आयसी वाटल्या गेल्या, प्रत्येकी एक. मी पटापट मांडणी केली. नळ शून्याला डी, एकला शून्य, दोनला उलटा डी, तीनला एक, चारला उलटा डी, पाचला शून्य, सहाला डी, सातला एक. आणि तीन बटणं, ए बी सी, ती जर्नलप्रमाणे : आमचा ए आयसीच्या ए पायाला, बी बीला, सी सीला. यात चुकण्यासारखं काय आहे?

माझ्या शेजारच्या टेबलावर शिरपूरकडचा एक मित्र होता, मनाने राजा माणूस, तार खुपसण्यात मात्र रेडा. त्यानेही तेच लावलं. पूर्ण लॅबने तेच लावलं. आणि पूर्ण लॅबचे दिवे चुकायला लागले.

शिरपूरवाला आपल्या अहिराणीत कुजबुजला, ‘‘भो, मना दिवा बावळट शे. बठ्ठा बरोबर दखाडस, नि मधमाच चुकस.’’

‘‘कुठं चुकतो?’’

‘‘दोन, सहा, आठ, बारा.’’

माझाही तिथेच चुकत होता. मी मान वर करून पाहिलं. पुढच्या टेबलावरच्याचंही तेच. एकाची आयसी खराब असेल, मान्य. पण साऱ्या लॅबच्या आयसी त्याच चार ओळींना एकमताने खराब? इतकी एकी आमच्या कॉलेजच्या संचालक मंडळातही नव्हती.

शिरपूरवाल्याने हात वर केला. ‘‘सर, दिवा चुकीचा लागतोय.’’

सर आले. त्याची जोडणी जर्नलशी ताडून पाहिली, एकेक तार. ‘‘जोडणी बरोबर आहे. आयसी गेली.’’ आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी ती आयसी भोकाभोकांच्या ब्रेडबोर्डातून उपटली. वीज चालूच होती. आयसीचे दोन पाय नारळाच्या झावळीसारखे वाकले. ती एका बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात टाकली आणि दुसरी दिली. दुसरीही दोन, सहा, आठ, बाराला चुकली. ‘‘हीपण गेली.’’ तिसरी. ‘‘सगळा लॉटच खराब पाठवलाय साल्यांनी!’’ बिस्किटाच्या पुड्यात आयसींची स्मशानभूमी वाढत गेली. सर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर उपटत निघाले, जत्रेतल्या दात उपटणाऱ्या डॉक्टरसारखे, तेवढ्याच आनंदाने आणि तेवढ्याच स्वच्छ हातांनी.

मी तोवर डोकं लावत होतो. मामाची गादी डोळ्यांपुढे होती, त्यामुळे डोकं भलतंच वेगाने चालत होतं. दिवा चुकतो कसा, हे नीट पाहिलं. आठव्या ओळीला लागायचा तो दोनला लागतो. सहाला लागायचा तो बाराला लागतो. म्हणजे उत्तरं हरवली नव्हती, त्यांनी घरं बदलली होती. दोन आणि आठ, सहा आणि बारा. बटणांत लिहून पाहिलं : ए चालू म्हणजे आठ, बी म्हणजे चार, सी म्हणजे दोन, डी म्हणजे एक. दोन म्हणजे फक्त सी चालू. आठ म्हणजे फक्त ए चालू. सहा म्हणजे बी आणि सी. बारा म्हणजे ए आणि बी. ए आणि सी यांची अदलाबदल! आणि जिथे दोघंही चालू किंवा दोघंही बंद, तिथे दिवा शहाण्यासारखा वागतो.

मला एकदम लख्ख दिसलं. आमच्या पुस्तकात ए म्हणजे सगळ्यांत मोठा, डावीकडचा, आठ-आठ मोजणारा. पण आयसी बनवणाऱ्याने आपल्या तीन पायांना नावं उलट्या बाजूने दिली होती. त्याचा ए सगळ्यांत धाकटा, अकराव्या पायावरचा, आणि सी सगळ्यांत थोरला, नवव्या पायावर. नाव एकच, पण आमच्याकडे तो थोरला भाऊ आणि त्यांच्याकडे शेंडेफळ. जर्नलने डोळे मिटून ए-ला-ए बांधून दिलं होतं.

मग इतकी वर्षं कोणालाच कसं कळलं नाही? तेही पुढच्याच क्षणी कळलं. फुल ॲडर! तीन बिटांची बेरीज. एक अधिक शून्य अधिक शून्य करा की शून्य अधिक शून्य अधिक एक, बेरीज तीच, हातचाही तोच. ए आणि सी बदलले तरी उत्तराला फरक पडत नाही. म्हणजे सरांनी वर्षानुवर्षं असं कोडं निवडलं होतं, ज्यात ही चूक दिसूच शकत नव्हती. ठरवून नव्हे. ठरवून केलं असतं तर मी त्यांना मानलं असतं.

मी फक्त दोन तारा बदलल्या. नऊ आणि अकरा. सोळाच्या सोळा ओळी बरोबर. मी तीनदा तपासलं, चौथ्यांदा फक्त मजा म्हणून.

‘‘सर, माझा चालतोय.’’

सर धावत आले, दिवा पाहिला आणि माझ्यावर इतके खूश झाले की मला त्यांच्या तोंडाचा वास आला. ‘‘म्हणजे याची आयसी चांगली आहे!’’ असं म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हर घातला आणि माझी आयसी उपटून शिरपूरवाल्याच्या बोर्डावर बसवली.

‘‘सर, आयसीचं नाही हो, ए आणि सी...’’

‘‘गप्प बस. तुला शिकवतोय का मी, का तू मला?’’

शिरपूरवाल्याचा दिवा पुन्हा दोन, सहा, आठ, बाराला चुकला. सर त्या आयसीकडे डोळे बारीक करून पाहत राहिले. ‘‘काढताना गेली असेल,’’ असं म्हणून तीही बिस्किटाच्या पुड्यात.

आणि नेमके त्याच वेळी एक्सटर्नल सर तोंड पुसत बाहेर आले आणि पहिले माझ्या टेबलाशी थांबले. माझ्या बोर्डावर तारांचं जाळं, आणि मधोमध जिथे आयसी असायची तिथे सोळा भोकं. एखाद्या लग्नात नवराच नसावा तसं.

‘‘हे काय?’’

‘‘सर, चालत होतं.’’

‘‘चालत होतं म्हणजे?’’

‘‘आत्ता चालत होतं. सरांनी आयसी नेली.’’

एक्सटर्नलनी मार्कांच्या कागदावर पेन टेकवलं. मला दिसलं ते पेन, आणि पेनाच्या टोकापाशी शून्याची सुरुवात, तो वरचा छोटा बाक. मी काय केलं असेल? मी थेट सरांच्या बिस्किटाच्या पुड्यात हात घातला. वरची, मेलेली म्हणून जाहीर झालेली एक आयसी काढली, नखाने पाय सरळ केले आणि माझ्या बोर्डात बसवली.

‘‘अरे, ती खराब आहे!’’ सर ओरडले.

‘‘बघू की सर.’’

बटणं दाबत गेलो. एकला लागला, चारला लागला, सहा, सात, आठ, तेरा, चौदा, पंधरा. बाकी सगळीकडे अंधार. मग पुड्यातली दुसरी आयसी घातली. तीही तशीच. तिसरी. सगळी स्मशानभूमी उठून चालायला लागली होती. मी घडाघडा बोलत होतो : आयसीचा ए धाकटा आहे सर, जर्नलचा थोरला आहे, तारा उलट लावायला पाहिजेत, फुल ॲडरला फरक पडत नाही म्हणून आजवर कळलं नाही. शिरपूरवाल्याने माझं ऐकून आपल्या दोन तारा बदलल्या, आणि त्याचाही दिवा शहाणा झाला. तो इतका मोठ्याने ‘‘लागना रे भो, लागना!’’ म्हणाला, की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

एक्सटर्नल सर थांबले. या माणसाला विषय येत होता, हे मला त्या क्षणी कळलं. ते खाली वाकले, नवव्या आणि अकराव्या पायाच्या तारा त्यांनी बोटाने चाचपल्या, आणि हळूच मान हलवली. मला वाटलं, झालं, सुटलो. मग त्यांनी माझ्या टेबलावरचं जर्नल उघडलं. पानावर आकृती होती, ए-ला-ए. आकृतीखाली तक्ता. तक्त्याखाली ‘पडताळून पाहिला’. आणि त्याखाली दोन सह्या. एक लाल, एक त्यांची. त्यांच्या सहीवर रसाचं बोट उमटलं होतं.

त्यांनी जर्नल मिटलं.

‘‘सर,’’ ते आमच्या सरांना म्हणाले, अगदी मऊ आवाजात, ‘‘जर्नलमध्ये जे आहे ते...’’

‘‘आधीपासून तेच आहे,’’ सर म्हणाले. ‘‘किती बॅचेस गेल्या.’’

‘‘हो ना. म्हणजे सगळ्याच.’’

त्या ‘सगळ्याच’मध्ये किती बॅचेसची किती जर्नलं आणि किती सह्या उलट्या होऊन पडल्या, ते मोजायला मल्टिप्लेक्सर पुरला नसता. मग एक्सटर्नल सर सरळ उभे राहिले, गळ्याचा घाम पुसला आणि पूर्ण लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘हे फंक्शन राहू द्या. मुलांना अवघड जातंय. सगळ्यांनी फुल ॲडर करा. फक्त बेरीज दाखवा, हातचा नको.’’

पोरांनी आनंदाने टेबलं बडवली. मी उभाच.

‘‘सर, माझं तर झालंय. चालतंय. तुम्ही पाहिलंत.’’

‘‘एकाला एक, दुसऱ्याला दुसरं असं चालत नाही. काढ ते.’’

‘‘पण सर, ते बरोबर आहे.’’

‘‘मी कुठं चूक म्हणतोय?’’ एक्सटर्नल म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढच्या टेबलाकडे सरकले. या वाक्याची मला जेवढी किळस आली तेवढी लॅबच्या झुरळांची कधी आली नाही. झुरळ दिवा लावला की पळतं तरी.

सोळाच्या सोळा ओळी बरोबर दाखवणारा तो माझा पहिला आणि देखणा बोर्ड मी माझ्या हाताने उसकटला. मामाच्या गादीपुढे दुसरा मार्ग नव्हता. एक, दोन, चार आणि सात नंबरच्या नळांना एक, उरलेल्यांना शून्य. बटणांच्या तारा मात्र मी तशाच ठेवल्या, माझ्या पद्धतीने, ए नवव्या पायाला. दिवा बरोबर लागत होता. लागणारच.

सर फेरी मारत आले. दिव्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, तारांकडे पाहिलं. ‘‘हे काय? ए कुठं लावलास? जर्नलप्रमाणे लाव.’’

‘‘सर, याला दोन्ही चालतं.’’

‘‘जर्नलप्रमाणे लाव म्हटलं ना.’’

मी दोन तारा उपटल्या आणि अदलाबदल करून खुपसल्या. बटणं दाबली. दिवा लागायचा तिथे लागला, विझायचा तिथे विझला. एकही ओळ चुकली नाही.

सरांचा चेहरा फुलला. इतका खरा, निर्मळ आनंद मी त्यांच्या तोंडावर पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तिथे घामाचा पंजा उमटला, आणि मागे वळून एक्सटर्नलना हाक मारली, ‘‘सर, इकडे या. हा बघा, जर्नलप्रमाणे लावलं की कसं लगेच चालतं.’’

एक्सटर्नल आले. दिव्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. मार्कांच्या कागदावर माझ्या नावापुढे पास होण्यापुरते मार्क लिहिले, शेजारच्याला दिले तेवढेच, आणि एसटी किती वाजता आहे ते शिपायाला विचारलं.